बिअर ओतताना ग्लास तिरका का धरायचा आणि सरळ कधी करायचा

फ्रिजमधून ६५० मिलीची बाटली काढली, झाकण उघडलं, टेबलावर उभ्या ठेवलेल्या ग्लासात ओतायला सुरुवात केली आणि चार सेकंदांत फेस काठावरून टेबलावर आला. हा अनुभव घेतलेला माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या टोकाला जातो. ग्लास शेवटपर्यंत आडवा धरतो, बिअर काचेवरून अगदी हळू सोडतो आणि वर फेसाचा पातळ पापुद्रासुद्धा दिसू देत नाही. आपल्याकडे बहुतेक जण यालाच चांगलं ओतणं समजतात. फेस म्हणजे वाया गेलेली जागा, असा हिशोब त्यामागे असतो.

मला हे दुसरं टोकही चुकीचं वाटतं. ग्लासचा कोन ही फेस बंद करायची युक्ती नाही. बिअरमध्ये कोंडलेल्या वायूपैकी किती आत्ता बाहेर येऊ द्यायचा आणि किती पिताना जिभेवर यावा म्हणून आत ठेवायचा, हे ठरवणारी ती चावी आहे. ओतण्याच्या सुरुवातीला ही चावी जवळजवळ बंद हवी आणि शेवटी उघडी. घरच्या फ्रिजमधली साधी लागर बिअर, ६५० मिलीची बाटली आणि सरळ भिंतींचा काचेचा ग्लास घेऊन हे नीट पाहू.

बाटलीत नेमकं काय कोंडलेलं असतं

साध्या लागरमध्ये एका लिटरमागे साधारण ५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो मोकळा केला तर सुमारे अडीच लिटर भरेल. म्हणजे ६५० मिलीच्या बाटलीत दीड लिटरपेक्षा जास्त वायू आहे. झाकण बंद असताना दाबामुळे तो बिअरमध्येच राहतो. झाकण उघडलं की दाब जातो आणि बिअरजवळ धरून ठेवता येईल त्यापेक्षा जास्त वायू उरतो. फ्रिजच्या थंडीत, म्हणजे ५ अंशांच्या आसपास, एक लिटर पाणी साध्या दाबाखाली जास्तीत जास्त १.४ लिटर कार्बन डायऑक्साइड धरून ठेवू शकतं. २५ अंशांना तेवढंच पाणी जेमतेम पाऊण लिटर धरतं. कोमट बिअर उसळते त्याचं कारण हेच.

मग उघडल्या उघडल्या सगळा वायू एकदम का निघून जात नाही? कारण निव्वळ द्रवाच्या मध्यभागी, काहीच नसताना, नवा बुडबुडा तयार होणं फार अवघड असतं. इवलासा बुडबुडा जन्मतानाच द्रवाच्या पृष्ठताणामुळे चिरडला जातो. त्याला सुरुवातीला आधार लागतो, आणि तो आधार म्हणजे आधीपासून असलेला हवेचा छोटासा कप्पा. काचेला चिकटलेल्या कापसाच्या धाग्यात अशी हवा अडकलेली असते. ग्लासच्या ओरखड्यात असते. आणि सर्वांत जास्त हवा आपण स्वतः आत घालतो, बिअर उंचावरून ओतून.

वरून पडणारी धार खालच्या बिअरमध्ये घुसते तेव्हा सोबत हवेचे असंख्य बारीक थेंब ओढून नेते. यातला प्रत्येक थेंब म्हणजे वायूला बाहेर पडायचं दार. आजूबाजूच्या बिअरमधला कार्बन डायऑक्साइड त्यात शिरतो, थेंब फुगतो, वर येतो आणि फेसात सामील होतो. फेस कमी-जास्त करायचा म्हणजे खरं तर बिअरमध्ये किती हवा ओढली जाते, ते कमी-जास्त करायचं. ग्लासचा कोन नेमकं हेच ठरवतो.

कोन काय बदलतो

आपला ग्लास आतून १२ सेंमी उंच आणि ७ सेंमी रुंद आहे असं धरू. तो उभा ठेवला तर काठावरून सोडलेली धार १२ सेंमी खाली जाऊन तळावर आपटते. तिरका धरला आणि धार काठापासून तीन-चार सेंमी आत भिंतीवर टेकवली, तर मोकळं पडणं तेवढंच उरतं. पडण्याची उंची १२ वरून ३ सेंमी झाली की धारेतली पडण्याची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. पुढे बिअर काचेवर पसरते, पातळ थर होऊन घसरगुंडीवरून उतरल्यासारखी खाली येते आणि साचलेल्या बिअरमध्ये आडवी मिसळते. खोल घुसत नाही, त्यामुळे हवा ओढली जात नाही.

मग ४५ अंशच का? ग्लास नुसता १०-१५ अंश कलवला तर धार भिंतीला लागते खरी, पण भिंत जवळजवळ उभीच असल्यामुळे बिअर वेगाने खाली धावते आणि खालच्या बिअरमध्ये जवळपास सरळ घुसते. उलट ६०-७० अंशांवर ग्लास इतका आडवा होतो की अर्धा भरण्याआधीच काठावरून सांडायला लागतो. ४५ ही या दोन अडचणींमधली जागा आहे. ती काटेकोर नसते, ४० किंवा ५० ने काही बिघडत नाही. अंदाज येत नसेल तर कंपासपेटीतला दोन समान बाजूंचा गुण्या आठवा. त्याच्या तिरक्या बाजूइतका ग्लास कलला पाहिजे.

तिरक्या ग्लासात वायू खरोखरच टिकतो का, हे फ्रान्समधल्या रॅंस विद्यापीठातल्या जेरार लिजे-बेलेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शॅम्पेनवर मोजून पाहिलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोन पद्धतींची तुलना होती: उभ्या ग्लासाच्या मध्यभागी ओतणं आणि बिअरसारखं तिरक्या ग्लासाच्या भिंतीवरून ओतणं. तिरक्या पद्धतीत शॅम्पेनमध्ये जास्त कार्बन डायऑक्साइड शिल्लक राहिला. शॅम्पेन जितकी थंड, तितकं नुकसानही कमी झालं. बिअरच्या फेसात प्रथिनं असल्यामुळे तो शॅम्पेनपेक्षा खूप जास्त टिकतो, पण वायू बाहेर पडण्याची वाट दोन्हीकडे एकच आहे.

ओतण्याआधी: ग्लास आणि थंडी

कोन कितीही अचूक धरला तरी ग्लास तेलकट असेल तर उपयोग नाही. बिअरचा फेस माल्टमधल्या प्रथिनांवर आणि हॉप्समधल्या कडू घटकांवर उभा असतो. दोन्ही मिळून बुडबुड्याभोवती चिवट पडदा तयार करतात. तेल, तूप, दुधाची साय किंवा भांडी धुण्याच्या साबणाचा उरलेला थर त्या पडद्यात शिरून तो फोडतो. आपल्या घरात हे सहज घडतं, कारण ज्या ग्लासात सकाळी ताक किंवा दूध घेतलं त्याच ग्लासात संध्याकाळी बिअर येते. बिअरसाठी दोन ग्लास वेगळे ठेवणं सगळ्यात सोपं. तेवढं जमत नसेल तर ग्लास गरम पाण्यात थोडा खायचा सोडा टाकून वेगळ्या, तेल न लागलेल्या घासणीने धुवा आणि भरपूर पाण्याने खंगाळा. फडक्याने पुसू नका, उपडा ठेवून वाळू द्या. फडक्याचे धागे काचेला चिकटतात, आणि ते धागे काय करतात ते वर आलंच आहे.

ग्लास स्वच्छ आहे का, हे पाण्यानेच कळतं. पाण्यात बुडवून बाहेर काढल्यावर आतल्या बाजूला पाण्याचा सलग पातळ पडदा राहिला तर ग्लास स्वच्छ. पाणी थेंबाथेंबांनी फुटून जागोजागी कोरडे पट्टे दिसले तर तिथे तेल आहे. बिअर ओतल्यावरही एक खूण दिसते. बिअरच्या पातळीखाली काचेला बुडबुडे चिकटून बसले असतील तर तिथला भाग अस्वच्छ असतो.

ओतायच्या अगदी आधी ग्लास थंड पाण्याने खंगाळून घ्या आणि पाणी झटकून टाका. ओल्या काचेवर धार अडखळत नाही, बारीक खाचांमधली हवा पाण्याने भरली जाते आणि काचही थोडी थंड होते. नळाचं पाणी कोमट येत असेल तर माठातलं किंवा फ्रिजमधलं वापरा.

फ्रीजरमध्ये ठेवून पांढरा केलेला ग्लास मात्र मी वापरत नाही. काचेवर जमलेल्या बर्फाच्या कणाकणात हवा असते, त्यामुळे बिअर लागताच उसळते. शिवाय बर्फ वितळून बिअर पातळ होते आणि फ्रीजरमधल्या मासळीचा वास ग्लासात येतो तो वेगळाच.

लागर ५ ते ७ अंशांना ओतायला छान असते. फ्रिजच्या दारातला कप्पा सतत उघडझाप होऊन आतल्यापेक्षा कोमट राहतो, म्हणून बाटली आत, शक्यतो खालच्या फळीवर उभी ठेवा. दुकानातून स्कूटरवर आणलेली बाटली लगेच उघडू नये. हेलकाव्यांनी आतल्या बाजूला बारीक बुडबुडे तयार झालेले असतात. ते विरघळायला वेळ लागतो, तीन-चार तास फ्रिजमध्ये उभी राहिली तर शांत होते. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी एकत्र करून बाटली मानेपर्यंत बुडवा. अर्ध्या तासाच्या आसपास काम होतं. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी लवकर थंड करतं, कारण ते बाटलीला सगळीकडून लागतं.

एक बाटली, टप्प्याटप्प्याने

आपल्या ग्लासात ८ सेंमी बिअर, वर ३ सेंमी फेस आणि १ सेंमी मोकळा काठ हवा आहे. ८ सेंमी म्हणजे सुमारे ३०८ मिली. ३ सेंमी फेसाचं आकारमान ११५ मिली. ताज्या फेसात साधारण तीन भाग वायू आणि एक भाग बिअर धरली तर त्यात २९ मिली बिअर आली. एका ग्लासाला एकूण ३३७ मिली, म्हणजे बाटलीतली निम्म्याहून किंचित जास्त. काठाजवळ थोडं कमी भरलं की बाटलीचे बरोबर दोन ग्लास होतात.

डाव्या हातात ग्लास ४५ अंशांवर धरा. बाटलीचं तोंड काठाच्या अगदी जवळ आणा, पण काचेला टेकवू नका, आणि बिअरमध्ये तर कधीच बुडवू नका. धार खालच्या भिंतीवर, काठापासून तीन-चार सेंमी आत पडू द्या.

आता बाटलीचा कोनही महत्त्वाचा. बाटली एकदम उलटी केली तर मानेत बिअर पूर्ण भरते, आत हवा जायला वाट उरत नाही आणि बाटली डुबुक डुबुक आवाज करत झटके देते. प्रत्येक झटक्याला धार तुटते, आतही हवा घुसळली जाते. ग्लास कितीही नीट धरला तरी अशा वेळी फेस होतोच. बाटली इतकीच कलवा की मानेच्या वरच्या भागातून हवा आत जाताना दिसेल. आवाज आला तर बाटली किंचित सरळ करा. धार मनगटाने नाही, कोपराने आवरा, म्हणजे ती सलग राहते.

ग्लास सरळ कधी करायचा? बहुतेक ठिकाणी ‘अर्धा भरल्यावर’ एवढंच सांगितलं जातं, पण तिरक्या ग्लासात अर्धा म्हणजे किती हे डोळ्यांना कळत नाही. त्याऐवजी तळाकडे पाहा. ४५ अंशांवर धरलेल्या ग्लासात बिअर आधी खालच्या कोपऱ्यात साचते आणि तळाचा वरचा भाग कोरडा राहतो. बिअर चढत चढत ज्या क्षणी सगळा तळ झाकते, त्या क्षणी आपल्या ७ सेंमी रुंद ग्लासात सुमारे १३५ मिली बिअर असते. म्हणजे हव्या असलेल्या बिअरच्या जवळपास ४५ टक्के. तळ झाकला गेला की ग्लास सरळ करायला सुरुवात करा. ही खूण ग्लास उंच आहे की बुटका यावर अवलंबून नाही, फक्त रुंदीवर आहे. त्यामुळे रुंद मगमध्ये तळ उशिरा झाकतो आणि अरुंद ग्लासात फार लवकर. अरुंद उंच ग्लासात तळ झाकल्यावर आणखी थोडा वेळ तिरकंच राहायला हरकत नाही.

सरळ करताना झटका देऊ नका. धार चालू ठेवून, चार-पाच सेकंदांत ग्लास हळूहळू उभा होऊ द्या. धार भिंतीवरून सरकत मध्यभागी येईल. आता खाली पाच-सहा सेंमी बिअर आहे, त्यामुळे धार तळावर आपटत नाही, बिअरच्या गादीवर पडते. आत्तापर्यंत जेमतेम पातळ फेस असेल. इथे पहिल्यांदा फेस हेतूने तयार करायचा. ग्लास पूर्ण उभा झाल्यावर बाटली दोन-तीन सेंमी वर उचला आणि धार मध्यभागी सोडा. पांढरी टोपी वर येताना स्पष्ट दिसते. फेस कमी पडतोय असं वाटलं तर बाटली आणखी उंच करा, फार झाला तर खाली आणा. शेवटच्या या टप्प्यात उंची हाच तुमचा हँडल. फेस काठाच्या वर अर्धा सेंमी गेला तरी घाबरू नका. चिवट फेस काठाबाहेर घुमटासारखा उभा राहतो, सांडत नाही.

आता हिशोब पाहू. आपल्या ३०० मिलीच्या थोड्या वर बिअरमध्ये मुळात सुमारे ७५० मिली वायू होता. ३ सेंमी फेसात त्यातला ८५-९० मिली गेला. फेसात थोडी हवाही असते आणि काही बुडबुडे फुटून गेलेले असतात, पण ढोबळ मानाने आठवा-नववा हिस्सा. त्यामुळे बिअर चुरचुरीत राहते, पण टोचत नाही. सुरुवातीपासून उभ्या ग्लासात धबधब्यासारखी ओतली आणि ८ सेंमी फेस झाला, तर फेसातच २३० मिलीच्या आसपास वायू गेला, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा, आणि उरलेली बिअर मऊ, पाणचट लागते. अजिबात फेस न करता ओतली तर जवळपास सगळा वायू बिअरमध्येच राहतो. तो पुढे पोटात मोकळा होतो. दोन ग्लासांतच पोट टम्म होण्याची तक्रार करणाऱ्यांना मी फेस करून ओतायला सांगतो. फेसातून हॉप्स आणि माल्टचा वास नाकापर्यंत येतो, हा दुसरा फायदा.

बिघडलं तर

मध्येच फेस काठापर्यंत आला तर ओतणं थांबवा आणि मिनिटभर थांबा. एवढंच पुरतं, कारण फेस सुरुवातीला भराभर आणि नंतर संथपणे ओसरतो. म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठातल्या आर्न्ड लाइके यांनी फेसाची उंची वेळोवेळी मोजून ती किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासासारख्याच सूत्राने कमी होते हे दाखवलं होतं आणि त्यांना गमतीदार वाटणाऱ्या पण विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिलं जाणारं इग नोबेल २००२ साली भौतिकशास्त्रात मिळालं. ओसरल्यावर ग्लास पुन्हा तिरका करून उरलेली बिअर भिंतीवरून सोडा. फेसात बोट घालू नका. बोटाचं तेल फेस मारतं खरं, पण मग पुढेही फेस टिकत नाही.

झाकण काढताच बाटलीच्या तोंडातून फेस येत असेल तर दोष कोनाचा नाही, बिअर कोमट आहे किंवा हललेली आहे. ग्लासात एकाच जागेवरून बुडबुड्यांची सलग माळ वर येत असेल तर तिथे ओरखडा किंवा धागा आहे. त्याने बिघडत काही नाही, पण बिअरमधला वायू लवकर निघून जातो. फेस छान आला पण दोन मिनिटांत मोठमोठे बुडबुडे होऊन विरला तर तेल शोधा. ग्लासात नसेल तर ओठांवर असेल. भजी किंवा तळलेले शेंगदाणे खाऊन घेतलेला पहिलाच घोट फेसात भोक पाडतो.

गव्हाच्या बिअरला हे सगळं जास्त काळजीने करावं लागतं. पुण्या-मुंबईच्या ब्रुअरींमध्ये मिळणारी हेफेवायझेन किंवा बाटलीतली बव्हेरियन गव्हाची बिअर लागरपेक्षा जास्त वायूची असते आणि तिच्यात प्रथिनंही जास्त, त्यामुळे फेस दुप्पट उत्साहाने येतो. उंच ग्लास ओला करा, आडवा म्हणावा इतका तिरका धरा आणि जवळजवळ शेवटपर्यंत तसाच ठेवा. बाटलीत दोन बोटं बिअर उरली की थांबा, बाटली गोल फिरवून तळाचं यीस्ट मिसळा आणि ते शेवटी, उभ्या ग्लासात, वर ओता. हीच पायरी फेसही पुरवते.

नळाच्या बिअरलाही ४५ अंशच. फरक इतका की नळ एका झटक्यात पूर्ण उघडायचा. अर्धवट उघडलेल्या नळात वाट अरुंद होऊन बिअर तिथेच घुसळते आणि आधीच फेसाळून बाहेर येते. नळाचं तोंड बिअरमध्ये बुडू देऊ नये.

दुसरा ग्लास ओतताना मात्र पहिल्याची तंतोतंत नक्कल करू नका. बाटलीत उरलेली बिअर वीसेक मिनिटं टेबलावर राहिलेली असते. तिच्यातला थोडा वायू निघून गेलेला असतो आणि ती काही अंशांनी तापलेलीही असते. या दोन गोष्टी एकमेकांविरुद्ध काम करतात: कमी वायू फेस कमी करतो, ऊब वाढवते. एसीच्या खोलीत मला दुसऱ्या ग्लासाला फेस कमी येतो, म्हणून मी तळ झाकण्याची वाट न पाहता आधीच सरळ करतो. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर बसलो असेन तर उलट, बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवतो आणि तळ झाकल्यावरही थोडा वेळ ग्लास तिरकाच राहू देतो. पहिलाच ग्लास वापरणार असाल तर तो परत खंगाळून घ्या. त्याच्या काठाला ओठांचं तेल लागलेलं असतं.